बिनदात्याचा चाकू

चाकूले नाव असते हे मले चौतिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत चाकू म्हणजे चाकू. लहान असला तर चाकू, मोठा असला तर सुरी, आन् खाटकाच्या हातात असला तर सत्तूर. आमच्या घरी आष्टीले तर चाकू नव्हताच. पावशी होती, म्हणजे विळी. पायाखाली दाबायची, भाजी तिच्या पात्यावर लोटायची, काम खतम. त्या पावशीले कोणी कधी विचारलं नाई, की बाई तुझं चांगलं नाव काय.

मी रुखमा. वर्ध्याले, सेवाग्रामच्या रस्त्यावर मुलींचं एक होस्टेल आहे, तिथं स्वयंपाकघरात मदतनीस आहे. म्हणजे कांदे चिरा, पीठ मळा, ताटं घासा, आन् शिव्या खा. माझ्याबरोबर आचल. तीही मदतनीस, मले रुखमा म्हणूनच हाक मारे. अल्लीपूरहून रोज बसनं येते, संध्याकाळी बसनं जाते. बस चुकली की तिची सासू दारातच उभी राहते, हे ती हसत सांगते, पण हसण्यासारखं त्यात काही नाई हे मले समजते.

आमच्यावर सीताबाई होत्या, मुख्य स्वयंपाकीण. त्यांचे गुडघे गेले आन् पोरानं त्याईले यवतमाळले बोलावलं. जागा मोकळी झाली. नुसती जागा नाई, तिच्यासोबत खोलीही. स्वयंपाकघराच्या मागं एक खोली आहे, खिडकी असलेली, नळ दारातच. मुख्य स्वयंपाकिणीले ती भेटते, आन् लेकरू सोबत ठेवता येते. माझी स्वीटी आष्टीले माझ्या मायजवळ आहे. शाळा तिथंच. मी गेली की दोन दिवस ती माझ्याशी धड बोलत नाई, तिसऱ्या दिवशी बोलायले लागते, आन् तेव्हा माझी निघायची वेळ झालेली असते. म्हणून त्या खोलीवर माझा जीव अडकलेला होता. लपवून काय करू.

होस्टेलचे व्यवस्थापक रूपरावजी. माणूस सरळ, पण निर्णय घ्यायची वेळ आली की अंगावर काटा येते त्यांच्या. ते म्हणाले, "तुम्ही दोघीही चांगल्या. मी कोणाले वाईट म्हणू? सरकारी स्वयंपाकाचा कोर्स सुरू झाला आहे, दोघीही करा. शेवटच्या प्रॅक्टिकलमध्ये जिले जास्त मार्क, तिले जागा. मंग कोणी मले बोल लावायचा नाई."

असं आम्ही दोघी एका वर्गात जाऊन बसलो. भांडण नाई, काही नाई. एकाच डब्यातून खात होतो. जिले भेटल तिले भेटल, असं आचल म्हणे. मीही तेच म्हणे. पण मी म्हणताना माझ्या डोळ्यासमोर ती खोली दिसे.

शिकवायले जयवंता मॅडम. नागपुरात मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये राहून आलेली बाई, आवाज असा की फोडणी विझून जाईल. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर चाकू मांडले आन् म्हणाल्या, "हे चाकू मी कसे मागवून घेतले ते माझं मले माहीत. याच्यातला एकही कोणी खराब केला, तर ती बाई त्याच दिवशी वर्गाच्या बाहेर. परीक्षाही नाई, सर्टिफिकेटही नाई. मी मागं पाहणार नाई."

आन् मंग शिकवायले लागल्या. "मूठ पाहू नका. मुठी सगळ्याच्या काळ्याच. पातं पहा. पाठ कशी, पोट कसं, टोक कुठं जाते, आन् शेवटी धार. धार पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाई."

आता हे सांगते तर कोणाले वाटल की लय कठीण आहे. तसं नाई. शेफ नाइफ, एक मोठा आन् एक लहान, मुठीजवळ रुंद, आन् धारेले पोट असते, पाटावर टेकवला तर पाळण्यावाणी डोलते. पेअरिंग नाइफ बोटाएवढा, टोकदार, फळं सोलायले. क्लीव्हर म्हणजे आपला सत्तूरच, चौकोनी, जाड पाठीचा, वजनानं हाड तोडणारा. त्याची धारही जाडच ठेवतात, बारीक केली तर हाडावर तुटून पडल. बोनिंग नाइफ अरुंद, टोक तीक्ष्ण, हाडापासून मांस सोडवायले. एक टर्निंग नाइफ, त्याची धार आतल्या बाजूनं वाकलेली, टोक खाली आलेलं, राघूच्या चोचीवाणी. आन् एक लांब, सरळ, शेवटपर्यंत एकाच रुंदीचा, टोक गोल, धारेवर दाते. तो ब्रेड नाइफ.

मॅडमनं एक गोष्ट तेव्हाच सांगतली होती. लांब, सरळ, गोल टोकाचा दुसराही एक चाकू असते, स्लायसर नावाचा. शिजलेलं मांस पातळ कापायचा. त्याले दाते नसतात, सपाट धार असते. म्हणाल्या, "आपल्या किटमध्ये नाई. पण लक्षात ठेवा, दोघाईची शकल सारखी असू शकते. फरक धारेत."

मी लक्षात ठेवलं. बाकीच्या पोट्ट्याईनं काय केलं? ब्रेड नाइफच्या मुठीवर गॅसनं जळल्याचा एक डाग होता. डाग दिसला की ब्रेड नाइफ. काजल तर चार पावलं दुरूनच सांगे. मी तिले म्हणे, तू चाकू नाई ओळखून राह्यली, तू डाग ओळखून राह्यली. ती म्हणे, बरोबर येते ना, मंग तुले काय करायचं.

तो ब्रेड नाइफच माझ्या मुळावर आला.

त्याचे दाते पार झिजलेले. आधीच्या बॅचनं त्यानं काय काय कापलं असल देवाले माहीत. सँडविचच्या दिवशी मी ब्रेड कापायले घेतला, तर कापे कमी आन् दाबे जास्त. लादी चपटी झाली. मॅडमनं ती उचलून सगळ्याईले दाखवली. "रुखमाताई, हे ब्रेड आहे का वरून ट्रक गेलता?" सगळ्या हसल्या. आचलही हसली, आन् मंग मी पाहिलं तर तिनं तोंड फिरवलं. मले असा राग आला की कान तापले. राग मॅडमवर नाई, त्या चाकूवर. मेल्याले दाते आहेत, आन् चावता येत नाई.

तो शनिवार होता, आन् चाकू धुऊन ठेवायची पाळी आम्हा दोघीची. बाकीच्या गेल्या, मॅडम ऑफिसात. आचल मोरीवर धुऊन राह्यली होती, मी पुसून राह्यली होती. तेवढ्यात रस्त्यावर धारवाल्याचा आवाज आला. तानबा. तो होस्टेलवरही येते, सायकल स्टँडवर लावून पायडल मारते आन् दगड फिरवते. माझ्या हातात तोच चाकू होता. मी विचार केला नाई. खरं सांगते, काहीच विचार केला नाई. आचलले म्हटलं, आलीच, आन् गेटवर गेली.

तानबानं पातं उलटून पाहिलं. "बाई, दाते झिजले याचे. माह्या दगडावर दाते पडत नाई. सपाट करून देऊ का?"

इथं मी थांबायले पाहिजे होतं. शिकलेली होती मी. दाते गेले तर तो काय होते, हे मले माहीत होतं. पण सकाळच्या त्या चपट्या लादीचा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "असून तरी कुठं कापून राह्यले? घासून टाक. धार तर लागंल."

ठिणग्या उडाल्या. त्यानं खुशीनं दोन्ही बाजूनं फिरवला, आन् अंगठ्यावर पाहून मले दिला. धारेच्या कडेले नवी चमक होती, पार टोकापर्यंत एकसारखी. नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. आत येऊन मी एक टमाटर कापलं. असं कापलं की मले हसू आलं. आन् हसू येता येताच मी पातं परत उजेडात धरलं. कारण माझ्या हातात आता ब्रेड नाइफ नव्हता.

मी तो पुसला, किटच्या कापडी पिशवीत त्याच्या खणात धार आत करून सरकवला, आन् पिशवी गुंडाळायले आचलकडे दिली. तिनं गुंडाळली, कपाटात ठेवली.  मले वाटलं, तिले काही दिसलं नाई. मोरी भिंतीकडे, तिची पाठ माझ्याकडे. मी स्वतःले समजावलं, सोमवारी प्रॅक्टिकल, नागपूरचे साहेब येतील, त्याईचे चाकू आणतील, आपल्या किटले कोण हात लावते.

रविवारभर हेच समजावत राह्यली.

सोमवारी नागपूरचे साहेब आले. रजत सर. तरुण पोरगा, बोलायले गोड, हातात टॅब. पिशवी काही आणली नव्हती. मॅडमले म्हणाले, "तुमचंच किट द्या." मॅडमनं कपाट उघडून पिशवी तशीच त्याईच्या हातात दिली, आन् नियमाप्रमाणं स्वतः ऑफिसात जाऊन बसल्या. 

आम्ही सगळ्या व्हरांड्यात. एकेकीले आत बोलवत. टेबलावर चाकू मांडलेले, प्रत्येकापुढं चिठ्ठीवर नंबर. नाव सांगायचं, आन् काऊन ते, कारणही सांगायचं. काजल बाहेर आली ती नाचतच. "सगळे बरोबर. सात नंबरले ब्रेड नाइफ, मी तर लांबूनच ओळखला." मी विचारलं, कारण काय दिलं? ती म्हणाली, "दाते आहेत म्हणून सांगतलं. आणखी काय सांगायचं?" दाते नव्हते, आन् तिनं पाहिलेच नव्हते. तिच्यामागची आली, तिनंही तेच. सगळ्या तेच. मले एकीकडे रडू येऊन राह्यलं होतं आन् एकीकडे त्याईचा राग येऊन राह्यला होता. अगं, एकदा तरी धार पहा ना.

मंग आचल गेली. यादीत तिच्यामागं माझं नाव, म्हणून मी दारातच उभी. आवाज येत नव्हता, पण ती दिसत होती. भराभर सांगत गेली. सात नंबरवर आली आन् थांबली. उचलला. उजेडाकडे धरला. अंगठ्याचं नख धारेवरून मुठीपासून टोकापर्यंत नेलं, हळू. मी मनात म्हटलं, झालं. हिनं पाहिलं. आता ही सांगंल, स्लायसर. सर मॅडमले बोलावतील, मॅडम डाग पाहतील, आन् माझी पाळी येण्याआधीच मी वर्गाच्या बाहेर. तिनं चाकू खाली ठेवला. काहीतरी म्हणाली. सरांनी परत विचारलं. ती तेच म्हणाली, आन् मान खाली घातली.

बाहेर आली तेव्हा मी तिले विचारलं, "सातवा काय सांगतला?"

"ब्रेड नाइफ," आचल म्हणाली, आन् पाणी प्यायले गेली.

मले काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मले हायसं वाटलं. आन् त्याच्या मागोमाग असंही वाटलं, की केवढी मठ्ठ आहे ही. नख फिरवूनही हिले समजलं नाई.

मी आत गेली. सहा चाकू झाले. सातवा उचलला. ब्रेड नाइफ म्हटलं असतं तर सगळ्याईत मिसळून गेली असती. पण सर विचारतील, दाते कुठं आहेत? आन् खोटं कारण देणं मले जमलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःले सांगतलं. खरं असं होतं की मले उत्तर येत होतं. आन् ती खोली त्या उत्तराच्या मागं उभी होती, तिच्यापुढं मॅडमची भीतीही आठवली नाई.

"स्लायसर," मी म्हटलं.

सरांनी टॅबवरून मान वर केली. "का?"

"पातं लांब, सरळ, सगळीकडे एकाच रुंदीचं. टोक गोल. एवढ्यावरून ब्रेड नाइफही म्हणता आलं असतं. पण धारेले दाते नाईत. सपाट धार आहे. म्हणून स्लायसर."

"शाब्बास," सर म्हणाले. त्याईच्या चेहऱ्यावर खरी खुशी होती. एवढ्या वेळात पहिल्यांदा कोणी काम केलं असल्यासारखी.

शेवटी त्याईनं सगळ्याईले आत बोलावलं, मॅडमले पण. तिथंच टॅबवर बटन दाबून मार्क पाठवून दिले होते, म्हणाले, आता त्यात बदल होत नाई. आन् मंग सातवा चाकू उचलून म्हणाले, "हा पहा. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं ब्रेड नाइफ, दाते आहेत म्हणून. कुठं आहेत दाते? एकीनंही पाहिलं नाही. रुखमाताई कोण?"

मी हात वर केला.

"यांनी एकट्यांनी धार पाहिली. असं ओळखायचं असतं. टाळ्या वाजवा यांच्यासाठी."

टाळ्या वाजल्या. आचलनंही वाजवल्या. मी उभी होती आन् मले वाटलं की अंगावरचं लुगडं कोणीतरी ओढून घेऊन राह्यलं आहे. लोक म्हणतात ना, जमीन फाटून आत घ्यावं. तसं वाटलं, खरंच.

जयवंता मॅडम टाळी वाजवता वाजवता थांबल्या. "पण सर, आमच्या किटमध्ये स्लायसर नाईच." त्याईनं चाकू हातात घेतला. मूठ फिरवली. डाग दिसला. मंग धार पाहिली, बोटानं चमक पुसल्यासारखी केली, आन् त्याईच्या तोंडचं पाणी पळालं. पण सर समोर होते म्हणून दात आवळून एवढंच म्हणाल्या, "असू द्या सर, मीच विसरली असल." सरांचं चहापाणी झालं, त्याईची गाडी गेटबाहेर पडली, तशा त्या आमच्याकडे वळल्या.

"शनिवारी किट कोणी ठेवलं?"

"मी ठेवलं, मॅडम," आचल म्हणाली.

खरंच होतं. पिशवी तिनंच ठेवली होती.

मॅडम तिच्यावर बरसल्या. काय काय बोलल्या ते सगळं सांगत नाई. आंधळी आहे का, म्हणाल्या. स्वतः पिशवी बांधते आन् चाकूले दाते आहेत का नाई हे दिसत नाई, आन् परीक्षेत हातात घेऊनही दिसत नाई. अशा बाईच्या हाती कोण स्वयंपाकघर देईल, म्हणाल्या. "कोणी केलं हे?"

"माझं लक्ष नव्हतं, मॅडम," आचल म्हणाली. एवढंच.

आन् मी? मी तिच्या शेजारी उभी होती. हात लावता आला असता एवढ्या जवळ.  मले एवढंच दिसत होतं, मी बोलली तर सर्टिफिकेट जाईल, खोली जाईल, आन् स्वीटी पुन्हा तिसऱ्या दिवशी बोलंल. मी बोलली नाई. मॅडम थकल्या आन् आत गेल्या.

आम्ही बसस्टँडवर आलो.  अल्लीपूरची बस लागायची होती. बाकड्यावर बसून तिनं चपलेचा पट्टा नीट केला. मले राहवलं नाई. मी म्हटलं, "आचल, तू नख फिरवून पाहिलं होतं ना धारेवर. मंग काऊन म्हटलं ब्रेड नाइफ?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाई. थकल्यासारखं.

"मोरीच्या वर आरसा आहे," ती म्हणाली. "हात पुसताना मान वर केली की गेट दिसते. मी पाहिलं तुले शनिवारी."

मले पुढचं ऐकायचं नव्हतं. पण ती बोलून राह्यली होती, हळू, बस कधी येते ते पाहत.

"माझी पाळी तुझ्या आधी. मी स्लायसर म्हटलं असतं तर सर मॅडमले बोलावणार, हे तुमच्या किटमध्ये आहे का म्हणून. मॅडमनं तुले आत येऊच दिलं नसतं. म्हटलं, परीक्षा तरी देऊ दे ना बापा पोरीले. मंग सरांनी कारण विचारलं तेव्हा मी दाते म्हटलं नाई. लांब आहे, टोक गोल आहे, एवढंच म्हटलं. खोटं नाई बोलली. धारेचं विचारलं तेव्हा चूप बसली."

"आन् मी?" मी म्हटलं. "मी काय सांगंन, असं वाटलं तुले?"

"मले वाटलं, तू सरांले सांगशील, की साहेब, हा ब्रेड नाइफ होता, माझ्या हातून असा झाला. नाईतर तूही ब्रेड नाइफच म्हणशील. दोघीचे सारखे मार्क येतील. मंग रूपरावजी काय करायचं ते करतील." तिनं पदर सावरला. "स्लायसर म्हणशील असं नव्हतं वाटलं."

बस आली. ती चढली. खिडकीशी बसली, पण माझ्याकडे पाहिलं नाई. मी तिथंच उभी. लोक धक्के मारून जाऊन राह्यले होते. त्या बाईले मी मठ्ठ म्हटलं होतं मनात. वाटलं, तिथंच मेली असती तर बरं झालं असतं.

मी परत फिरली. मॅडम कुलूप लावून राह्यल्या होत्या. मी तिथंच पायरीवर सगळं सांगून टाकलं. तानबा, दगड, ठिणग्या, सगळं. आचलचंही. ऐकताना मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मंग तो लालपणा गेला. मले वाटलं, आता बोलतील. मी बोलणी खायलेच आली होती. खरं तर मले ते पाहिजे होतं.

"आता मी काय करू?" मॅडम म्हणाल्या. "कोर्स संपला. मार्क गेले. तुमचं उत्तर बरोबर होतं, रुखमाताई. टेबलावर जे पडलं होतं, त्याचं तेच नाव. त्याले मी चूक कसं म्हणू?" त्याईनं कुलूप ओढून पाहिलं. "आचलचीच माफी मागावी लागंल मले. ती मी मागंन. तुमचं तुम्ही पहा."

मंग मी होस्टेलवर जाऊन रूपरावजीले सांगतलं. म्हटलं, जागा आचलले द्या. त्याईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मी दोघीसमोर शब्द दिला, प्रॅक्टिकलले जास्त मार्क तिले. तुले जास्त मार्क. आता तू म्हणते देऊ नका, उद्या ती म्हणंल द्या. मी कोणाकोणाचं ऐकू?" आन् खरंच, दुसऱ्या दिवशी त्याईनं आचलले विचारलं. ती म्हणाली, "मले कोणाची उतरवलेली जागा नको. मार्कानं ठरलं होतं, मार्कानं भेटू द्या." तिले मनवायले मी तिच्या मागं मागं फिरली, पाया पडायची राह्यली. ती म्हणाली, "सोड ना आता," आन् कांदे घेऊन बसली.

किल्ली माझ्या हातात आली. स्वीटीले आणलं. खोली पाहून ती खिडकीत चढून बसली, नळ चार वेळा उघडून बंद केला. रात्री माझ्या कुशीत झोपली. ज्या गोष्टीसाठी मी एवढं केलं ती गोष्ट माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती, आन् मले तिच्या केसावर हात फिरवायची लाज वाटत होती.

पहिल्या दिवशी मी लवकर उठून भट्टी पेटवली. डाळ चढवली. पालक निवडून ठेवला होता. आचल पहिल्या बसनं आली, पदर खोचला, हात धुतले. मी वाट पाहत होती, की ती काहीतरी म्हणंल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिनं चाकू ठेवायचा डबा समोर ओढला, त्यात हात घातला, आन् थांबली.

"ताई, कोणता चाकू घेऊ?" तिनं विचारलं.

आचल माझ्याहून वयानं मोठी आहे.